फोनवर फ्रेंच : नाव, नंबर आणि निरोप

समोरासमोर फ्रेंच बोलताना निम्मं काम हात आणि चेहरा करतात. दुकानात बोट दाखवता येतं, स्टेशनवर कागदावर लिहून दाखवता येतं, आणि समोरच्याला काही कळलं नाही तर ते त्याच्या भुवयांवरून समजतं. फोनवर यातलं काही नसतं. तरीही फोनवरचं फ्रेंच एका अर्थानं सोपं असतं, कारण त्यातली बरीच वाक्यं ठरलेली असतात आणि ती ठरलेल्या क्रमानंच येतात. अडचण होते ती नाव, नंबर आणि वेळ या तीन ठिकाणी. इथे अर्थाचा अंदाज बांधता येत नाही, एक अक्षर चुकलं तर सगळंच चुकतं.

एक उदाहरण घेऊ. गायत्री जोशी नावाची विद्यार्थिनी ल्योंमध्ये शिकते आहे आणि तिला डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे. ती दवाखान्यात फोन लावते. पलीकडून आवाज येतो, ‘काबिने मेदिकाल, बाँझूर!’ म्हणजे ‘दवाखाना, नमस्कार.’ कार्यालयात फोन उचलणारा माणूस आधी जागेचं नाव सांगतो आणि मग ‘बाँझूर’ म्हणतो. घरी किंवा मोबाइलवर मात्र नुसतं ‘आलो?’ ऐकू येतं. हा ‘आलो’ फोनपुरताच आहे, रस्त्यात भेटलेल्या माणसाला कोणी ‘आलो’ म्हणत नाही. फोन करणाऱ्यानंही आधी ‘बाँझूर मादाम’ किंवा ‘बाँझूर मेस्य’ म्हणायचं आणि मग कामाकडे वळायचं. ‘बाँझूर’ न म्हणता थेट काम सांगणं फ्रान्समध्ये फार उद्धट मानलं जातं, मग पुढचं व्याकरण कितीही शुद्ध असो.

उच्चारांबद्दल आधीच सांगून ठेवते. देवनागरीत फ्रेंच पूर्ण उतरत नाही. ‘बाँझूर’मधला ‘झ’ इंग्रजी ‘प्लेझर’ किंवा ‘मेझर’मध्ये ऐकू येतो तसा घासून म्हणायचा. ‘र’ घशातून येतो. अनुस्वार नाकातून सोडायचा, त्याच्यामागे ‘न’ किंवा ‘म’ वाजू द्यायचा नाही. इथले उच्चार म्हणजे वाट दाखवणारी पाटी, मूळ आवाज मात्र कानांनीच शिकावा लागतो.

गायत्री म्हणते, ‘बाँझूर मादाम, झ वूद्रे प्राँद्र राँदेवू, सिल वू प्ले.’ मला भेटीची वेळ घ्यायची होती. ‘झ वूद्रे’ लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘मला पाहिजे’ऐवजी मराठीत आपण ‘मला हवं होतं’ म्हणतो, तसंच हे मऊ केलेलं क्रियापद आहे. कोणाशी बोलायचं असेल तर ‘झ वूद्रे पार्ले आ...’ म्हणायचं आणि पुढे त्या व्यक्तीचं नाव घ्यायचं. आपली ओळख करून देताना पाठ्यपुस्तकातलं ‘झ स्वी’ म्हणजे ‘मी आहे’ फोनवर विचित्र वाटतं. तिथे ‘से गायत्री जोशी’ किंवा ‘गायत्री जोशी आ लापारेय’ म्हणतात. ‘लापारेय’ म्हणजे यंत्र, इथे फोन. म्हणून ‘की एत आ लापारेय?’ याचा अर्थ ‘कोण बोलतंय?’ असा होतो. कार्यालयात हाच प्रश्न जरा अदबीनं येतो, ‘से द ला पार द की?’ म्हणजे ‘कोणाकडून फोन आहे म्हणून सांगू?’ उत्तरात फक्त नाव द्यायचं. आणि ज्याच्याशी बोलायचं होतं त्यानंच फोन उचलला असेल तर तो ‘से लुई-मेम’ म्हणतो, ती असेल तर ‘से एल-मेम’, म्हणजे ‘मीच बोलतेय’.

फोन दुसरीकडे जोडून द्यायचा असला की ‘न कीते पा’ ऐकू येतं. अर्थ सरळ आहे : फोन ठेवू नका. मग ‘झ वू ल पास’ किंवा ‘झ वू ला पास’. देतो त्यांना, देते त्यांना. ‘ल’ की ‘ला’ यावरून पलीकडे पुरुष येणार की स्त्री हे कळतं. ‘झ वू-झेकूत’ असं कोणी म्हणालं तर शब्दशः ते ‘मी ऐकतोय’ असतं, पण त्याचा भाव आपल्या ‘हं, बोला’सारखा आहे. ते ऐकून गप्प बसलात तर दोघंही वाट पाहत राहाल.

गायत्रीच्या फोनवर आता खरा प्रश्न येतो. ‘सेताकेलनोँ?’ शाळेत शिकताना हे चार वेगळे शब्द होते, ‘से आ केल नोँ’, ‘कोणत्या नावानं?’ बोलताना ते एकमेकांना चिकटतात आणि मध्ये एक ‘त’ उगवतो. फ्रेंच ऐकताना सगळं एकाच शब्दासारखं का वाटतं, याचं कारण हे जोड आहेत. इथे ‘नोँ’ म्हणजे आडनाव. पहिल्या नावाला ‘प्रेनोँ’ म्हणतात. म्हणून उत्तर ‘जोशी’ असायला हवं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव कोणी विचारत नाही. ते सांगितलंत तर तेच आडनाव म्हणून नोंदलं जाण्याची शक्यता आहे.

मग ‘वू पूवे एप्ले?’ असं विचारलं जातं. स्पेलिंग सांगा.

आपण भारतीय इथे सहज इंग्रजी अक्षरं म्हणू लागतो, आणि तिथेच घोळ होतो. लिपी तीच असली तरी अक्षरांची नावं वेगळी आहेत, आणि त्यातली काही तर नेमकी उलटी. इंग्रजीतल्या ‘जी’ या अक्षराला फ्रेंचमध्ये ‘झे’ म्हणतात आणि ‘जे’ या अक्षराला ‘झी’. गायत्रीनं इंग्रजी पद्धतीनं ‘जी’ म्हटलं की पलीकडची बाई ‘जे’ लिहिणार, ‘जे’ म्हटलं की ‘जी’ लिहिणार. म्हणजे गायत्री आणि जोशी या दोन्ही नावांची पहिली अक्षरं अदलाबदल होऊन बसणार. स्वरांचीही हीच तऱ्हा आहे. इंग्रजी ‘आय’ला फ्रेंचमध्ये ‘ई’ म्हणतात. इंग्रजी ‘ई’चा उच्चार फ्रेंचमध्ये साधारण आपल्या ‘अ’सारखा, पण ओठ गोल करून होतो. इंग्रजी ‘ए’ला ‘आ’ म्हणतात. म्हणून आपण ‘ई’ म्हटलं की फ्रेंच कानाला ‘आय’ ऐकू येतं, ‘ए’ म्हटलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ‘ए’ ऐकू येतो, आणि ‘आर’ म्हटलं की कित्येकदा ‘ए’ लिहिलं जातं. हा गोंधळ मोठा असतो, कारण प्रत्येक चूक दुसऱ्या खऱ्या अक्षरासारखीच ऐकू येते. चुकलं आहे याचा पत्ताच लागत नाही.

जोशी हे आडनाव फ्रेंचमध्ये असं सांगायचं : झी, ओ, एस, आश, ई. आणि गायत्री असं : झे, आ, ई-ग्रेक, आ, ते, एर, ई. ‘आश’ म्हणजे एच. ‘ई-ग्रेक’, म्हणजे ग्रीक ‘ई’, हे वाय. वाघ किंवा वाघमारे यांना ‘दुब्ल वे’ लागेल, म्हणजे दुहेरी व्ही. कुलकर्णींच्या ‘यू’साठी ओठ ‘ऊ’ म्हणताना ठेवतो तसे गोल ठेवायचे आणि जिभेनं ‘ई’ म्हणायचं. दत्तात्रयसारख्या नावात एकच अक्षर दोनदा येतं, तेव्हा आधी ‘द’ म्हणजे ‘दोन’ म्हणतात : ‘द ते’. आडनावात जोडरेघ असेल तर ‘त्रे द्युनियोँ’.

एवढं करूनही खात्री नसते, आणि याचं कारण फोनच्या तारेत आहे. साध्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. ‘एस’ आणि ‘एफ’ यांच्यातला फरक बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, तो वाटेतच कापला जातो. नव्या मोबाइल जाळ्यांवर हा पट्टा रुंद झाला आहे, पण दोन्ही टोकांना ती सोय असेलच असं नाही. त्यातून फ्रेंचमध्ये बे, से, दे, झे, पे, ते, वे ही सात अक्षरं यमक जुळवून येतात. खराब लाइनवर ती सगळी एकसारखीच वाटतात.

म्हणून ‘कॉम’ वापरायचं. ‘कॉम’ म्हणजे ‘सारखं’ किंवा ‘जसं’. ‘झी कॉम झोझेफ’, म्हणजे झोझेफमधला झी. फ्रान्समध्ये टेलिफोनसाठी माणसांच्या नावांची एक जुनी यादी चालत आली आहे : आनातोल, बेर्त, सेलेस्तँ, देझिरे, अझेन... अशी ती ‘झोए’पर्यंत जाते. ‘झे’साठी त्यात गास्तों आहे, ‘आश’साठी आँरी, ‘एस’साठी सुझान आणि ‘का’साठी क्लेबेर. ही नावं आता आजोबा-पणजोबांच्या काळातली वाटतात, आणि आजचे लोक यादी पाठ म्हणत नाहीत. तोंडाला येईल ते नाव किंवा शहर घेतात, ‘पे कॉम पारी’ असं. आपणही तसंच करावं, पण आपल्या नावातल्या धोक्याच्या अक्षरांपुरते शब्द आधीच ठरवून ठेवावेत. गायत्रीला दोनच पुरतात : ‘झे कॉम गास्तों’ आणि ‘झी कॉम झोझेफ’. शब्द फ्रेंच माणसाच्या ओळखीचा मात्र हवा. ‘जे’साठी ‘जळगाव’ म्हटलं तर कोडं आणखी वाढेल.

पलीकडची बाई लिहिलेलं वाचून दाखवते : ‘आलोर, झे, ओ, एस...’ गायत्रीचे कान इथे टवकारायला हवेत. पहिलंच अक्षर चुकलं आहे. ‘नोँ, पा झे. झी, कॉम झोझेफ.’ नाही, झे नाही, झी. अशी दुरुस्ती कोणालाही उद्धट वाटत नाही. ती न करता फोन ठेवला, तर आठ दिवसांनी दवाखान्यात त्यांच्या यादीत आपलं नाव सापडत नाही आणि चूक नक्की कुठे झाली हे कोणालाच कळत नाही.

ऐकू आलं नाही तर काय म्हणायचं? सगळ्यात साधं म्हणजे ‘पार्दों?’ किंवा ‘कोमाँ?’. ‘क्वा?’ म्हणजे नुसतं ‘काय?’, ते मित्रांपुरतंच ठेवावं. पूर्ण वाक्य ‘वू पूवे रेपेते, सिल वू प्ले?’, पुन्हा सांगाल का? सावकाश बोलायला सांगायचं तर ‘प्लू लाँत्माँ, सिल वू प्ले’. दोष लाइनचा असेल तर ‘झ वू-झाँताँ माल’ म्हणजे तुमचा आवाज नीट येत नाही, आणि मध्येमध्ये तुटत असेल तर ‘सा कूप’. आवाज आला पण अर्थ लागला नाही तर ‘झ ने पा कोंप्री’. ऐकू न येणं आणि न कळणं ही दोन वेगळी ठेवावीत. ‘ऐकू येत नाही’ म्हटलं की समोरचा मोठ्यानं बोलतो, ‘कळलं नाही’ म्हटलं की वेगळ्या शब्दांत सांगतो. चुकीचं वाक्य निवडलं तर तेच न कळलेलं वाक्य आणखी मोठ्या आवाजात ऐकावं लागतं.

पण ‘पुन्हा सांगा’ हे दुसऱ्या-तिसऱ्यांदा म्हणण्यात अर्थ नसतो. समोरचा सगळं वाक्य त्याच वेगानं परत म्हणतो आणि आपण त्याच जागी अडतो. जेवढं हुकलं तेवढंच विचारावं. ‘झदी’ म्हणजे गुरुवार एवढं कळलं आणि वेळ सुटली, तर ‘झदी, आ केल अर?’, गुरुवारी किती वाजता? दोन शक्यता वाटत असतील तर दोन्ही समोर ठेवाव्यात : ‘त्रेझ अर ऊ सेझ अर?’ तेरा वाजता की सोळा वाजता? असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं आणि तो शब्द कोणता असणार हे आपल्याला आधीच माहीत असतं.

वेळेच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं. ‘द-झर’ म्हणजे दोन वाजता आणि ‘दूझ-अर’ म्हणजे बारा वाजता. दोहोंत फरक आहे तो फक्त एका स्वराचा, आणि तो स्वर मराठीत नाही. ‘सी-झर’ सहा वाजता आणि ‘दी-झर’ दहा वाजता, इथे फरक पहिल्या व्यंजनाचा. सुदैवानं फ्रान्समध्ये भेटीची वेळ बहुधा चोवीस तासांच्या घड्याळानं सांगतात, त्यामुळे दुपारचे दोन हे ‘कातोर्झ अर’, चौदा वाजता, होतात आणि भर दुपारच्या बाराला ‘मिदी’ म्हणतात. शंका असेल तर दुसऱ्या घड्याळात उलटून विचारावं : ‘सेझ अर, दोंक कात्र-अर द लाप्रे-मिदी?’ सोळा, म्हणजे दुपारचे चार ना? ‘दाँ उई झूर’ असं ऐकलं तर शब्दशः ते ‘आठ दिवसांनी’ असतं, पण अर्थ एका आठवड्यानं. आणि ‘कँझ झूर’, पंधरा दिवस, हा आपला पंधरवडा.

आता नंबर. फ्रान्समध्ये १८ ऑक्टोबर १९९६ पासून फोन नंबर दहा आकडी आहेत. ‘०१’ ते ‘०५’ हे मूळचे देशाच्या पाच भागांचे, त्यात ल्यों ‘०४’मध्ये येतं, आणि ‘०६’ व ‘०७’ मोबाइलचे. हे दहा आकडे सुटे सांगत नाहीत, जोडीजोडीनं सांगतात. गायत्रीचा नंबर ०६ ३९ ९८ ७२ ९४ आहे असं धरू (ही मालिका फ्रान्समध्ये चित्रपट आणि मालिकांसाठी राखून ठेवलेली आहे, त्यामुळे कोणाच्या घरी घंटा वाजणार नाही). ती तो असा सांगेल : ‘झेरो सीस, त्राँत-नफ, कात्र-वँ-दीझुईत, स्वासाँत-दूझ, कात्र-वँ-कातोर्झ.’

फ्रेंच संख्या सत्तरच्या पुढे वळण घेतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, बहात्तर म्हणजे साठ-बारा, ऐंशी म्हणजे चार-वीस, चौऱ्याण्णव म्हणजे चार-वीस-चौदा. वीसच्या गठ्ठ्यांनी मोजायची ही रीत खेड्यांतल्या जुन्या माणसांच्या ‘चार विसा’ची आठवण करून देणारी आहे. ऐकून लिहिताना मात्र ती दगा देते. ‘स्वासाँत’ कानावर पडताच हात ‘६०’ लिहून मोकळा होतो, मागून ‘दूझ’ येतं तेव्हा ‘१२’ लिहिलं जातं, आणि ७२ ऐवजी कागदावर ६० १२ उमटतं. ‘कात्र-वँ-कातोर्झ’चे तर ४, २०, १४ असे तुकडे पडू शकतात. उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे जोडी पूर्ण होईपर्यंत पेन कागदाला लावायचं नाही. फ्रेंच माणूस दोन जोड्यांच्या मध्ये हलकासा थांबतो, जोडीच्या आत थांबत नाही, तो थांबा ऐकायचा. दुसरा म्हणजे शेवटी जोड्या मोजायच्या. पाचच हव्यात. सहा भरल्या तर सत्तरीतला किंवा नव्वदीतला एखादा आकडा आपण फोडला आहे, आणि तो कोणता हे ६० किंवा ८० कुठे आहे ते पाहून लगेच सापडतं.

बेल्जियम आणि फ्रेंचभाषी स्वित्झर्लंडमध्ये हा त्रास कमी आहे, तिथे सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. भारतातला नंबर सांगायचा असेल तर देशाचा ९१ हा ‘कात्र-वँ-ओंझ’ होतो. फ्रान्समधला नंबर भारतातून लावताना आधी +३३ लावायचा आणि पहिलं शून्य गाळायचं.

समजा, गायत्रीला गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली, पण आदल्या दिवशी तिला जमणार नाही असं दिसतं. ती पुन्हा फोन करते. या वेळी फोनवर माणूस असू शकतो किंवा यंत्र. माणूस असला आणि डॉक्टर कामात असल्या तर ‘एल ए-तोक्युपे’ किंवा बैठकीत असल्या तर ‘एल ए-ताँ रेयुनियोँ’ असं ऐकू येईल आणि पुढे प्रश्न येईल, ‘वू वूले लेसे अँ मेसाझ?’ निरोप ठेवायचा आहे का? हो म्हणायचं असेल तर ‘वुई, वू पूवे लुई दीर क...’, त्यांना सांगाल का की... आणि परत फोन करायला सांगायचं तर ‘एस्केल प म राप्ले?’ हे ‘राप्ले’ दोन्ही बाजूंनी चालतं. ‘झ रापेल्रे’ म्हणजे मी पुन्हा फोन करीन. निरोप ठेवायचा नसेल तर एवढं एकच वाक्य पुरे. निरोप घेणारी म्हणते ‘से नोते’, लिहून घेतलं. तेव्हा ‘मेर्सी, बॉन झूर्ने, ओ रव्वार’ म्हणून फोन ठेवायचा.

यंत्र असलं तर ‘वू-झेत ब्यँ स्यूर ला मेसाझ्री द...’ अशी सुरुवात होते आणि ‘आप्रे ल बीप सोनोर’, म्हणजे बीप वाजल्यावर बोला, असा शेवट. पर्यायांची यादी असेल तर ‘तापे अँ’ म्हणजे एक दाबा, ‘एत्वाल’ म्हणजे चांदणी आणि ‘दिएझ’ म्हणजे चौकटीची कळ. यंत्रावरचा निरोप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तिथे विचारणारं कोणी नसतं. क्रम आपणच ठरवावा लागतो. आधी नाव, लगेच त्याचं स्पेलिंग, मग काम एका वाक्यात, मग नंबर, आणि नंबर दुसऱ्यांदा. गायत्रीचा निरोप असा होईल :

‘बाँझूर, से गायत्री जोशी, झी, ओ, एस, आश, ई, झी कॉम झोझेफ. झे राँदेवू झदी आ सेझ अर त्राँत. मालरझमाँ, झ न प पा व्नीर. वू पूवे म राप्ले ओ झेरो सीस, त्राँत-नफ, कात्र-वँ-दीझुईत, स्वासाँत-दूझ, कात्र-वँ-कातोर्झ? झ रेपेत...’ आणि नंबर पुन्हा. ‘मेर्सी, ओ रव्वार.’

‘मालरझमाँ’ म्हणजे दुर्दैवानं, ‘झ न प पा व्नीर’ म्हणजे मला येता येत नाही. यापुढे कारण सांगत बसायची गरज नसते. अर्ध्या मिनिटाचा हा निरोप आहे. तो फोन लावण्याआधी कागदावर लिहावा, आणि नंबर म्हणताना प्रत्येक जोडीनंतर ऐकणाऱ्याला लिहायला लागेल एवढं थांबावं. ई-मेल पत्ता द्यायचा असेल तर ‘आरोबाझ’ म्हणजे अॅटचं चिन्ह, ‘प्वाँ’ म्हणजे टिंब, आणि आडव्या रेघेसाठी ‘तीरे’. ही रेघ मधली की खालची असं कोणी विचारलं तर फ्रेंच लोक कीबोर्डवरून सांगतात : ‘तीरे द्यू सीस’ म्हणजे सहाच्या कळीवरची मधली रेघ, ‘तीरे द्यू उईत’ म्हणजे आठच्या कळीवरची खालची. फ्रेंच कीबोर्डवर त्या खरोखरच तिथे असतात. आपल्या कीबोर्डवर मात्र त्या वेगळ्या जागी असल्यामुळे हे उत्तर आधी माहीत असलेलं बरं.